फोटोतला डीएनएचा धागा, त्याचा पूरक क्रम आणि अमिनो आम्लांची साखळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्नपत्रिकेचा किंवा वहीचा फोटो, त्यात डीएनएचा एक धागा आणि खाली तीन मागण्या: पूरक धागा लिहा, एम-आरएनए लिहा, अमिनो आम्लांची साखळी लिहा. या प्रकारच्या प्रश्नात अक्षरांच्या जोड्या सहसा कोणी चुकत नाही. चुकते ती दिशा, आणि वाचायला सुरुवात करण्याची जागा. म्हणून खालची सगळी उत्तरे एकाच धाग्यावर दिली आहेत, म्हणजे दिशा किंवा सुरुवात बदलली की काय होते ते शेजारी ठेवून पाहता येईल. धागा असा:

```
3′-GCTACAAACGTCTTGGAATTCG-5′
```

### फोटो हातात आला की पहिले काम कोणते?

उत्तर लिहिणे नव्हे, फोटोतला धागा कागदावर उतरवून घेणे. फोटोकडे बघत थेट एम-आरएनए लिहायला बसलात तर नजर फोटो, डोक्यातली जोडी आणि कागद अशी तीन ठिकाणी फिरते आणि एखादे अक्षर हमखास निसटते. आधी धागा जसाच्या तसा उतरवा, दहा-दहा अक्षरांवर हलकी खूण करा आणि मोजा. आपल्या धाग्यात २२ अक्षरे आहेत. यापुढे प्रत्येक ओळीत २२ च भरली पाहिजेत.

अक्षरे उतरवताना दोन्ही टोकांचे आकडेही उतरवा. फोटोत 5′ मधली छोटी तिरकी रेघ बरेचदा दिसत नाही आणि नुसता 5 उरतो, कधी तो S वाटतो. तो प्रश्नक्रमांक समजून सोडून दिला तर धाग्याची दिशाच हरवते. हे 5′ आणि 3′ म्हणजे साखरेच्या रेणूतल्या कार्बन अणूंचे क्रमांक आहेत. 5′ टोकाला पाचव्या कार्बनवरचा फॉस्फेट मोकळा असतो, तर 3′ टोकाला तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट. पेशीतले विकर नवा धागा वाढवताना पुढचे न्यूक्लिओटाइड नेहमी 3′ टोकालाच जोडते. दिशेचे सगळे नियम या एका गोष्टीतून येतात.

### प्रतिकृतीसाठी पूरक धागा कसा लिहायचा?

A समोर T, T समोर A, G समोर C, C समोर G. दोन्ही धागे उलट दिशांनी धावतात, त्यामुळे दिलेल्या धाग्याचे डावे टोक 3′ असेल तर खालच्याचे डावे टोक 5′ येते.

```
3′-GCTACAAACGTCTTGGAATTCG-5′
5′-CGATGTTTGCAGAACCTTAAGC-3′
```

या उत्तरात U कुठेही येत नाही, कारण प्रतिकृतीत डीएनएपासून डीएनएच बनतो. टोकांचे आकडे लिहिले नाहीत तर उत्तर अर्धवट राहते, कारण पुढच्या दोन्ही पायऱ्या त्या आकड्यांवरच चालतात.

तपासणीची सोपी रीत: वरच्या ओळीत जेवढे A तेवढे खालच्या ओळीत T, आणि वरच्यात जेवढे G तेवढे खालच्यात C असले पाहिजेत. आपल्या वरच्या धाग्यात A सहा, T सहा, G पाच आणि C पाच आहेत. इथे A आणि T एकाच धाग्यात सारखे निघाले हा योगायोग आहे. A बरोबर T आणि G बरोबर C हा नियम दोन्ही धागे मिळून लागू होतो, एकट्या धाग्याला नाही. ‘एका धाग्यात ३० टक्के A आहे, तर त्याच धाग्यात T किती?’ असे विचारून परीक्षक नेमका हाच सापळा लावतात. दुसऱ्या धाग्यात T ३० टक्के असणार हे सांगता येते. त्याच धाग्यातला T मात्र दिलेल्या माहितीवरून काढता येत नाही.

### ‘प्रतिकृतीनंतर मिळणारे रेणू लिहा’ म्हटले तर एकच ओळ पुरते का?

नाही. दोन दुहेरी रेणू लिहायचे, आणि प्रत्येकात एक धागा जुना, एक नवा. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ साली जड नायट्रोजन वापरून दाखवले ते हेच. जड नायट्रोजनवर वाढवलेले जिवाणू साध्या नायट्रोजनवर आणले, तेव्हा एका पिढीनंतरचा सगळा डीएनए मधल्या वजनाचा निघाला. म्हणजे प्रत्येक रेणूत अर्धा भाग जुना होता.

अक्षरांच्या दृष्टीने दोन्ही नवे रेणू मूळ रेणूसारखेच असतात. फरक दाखवायचा तो नव्या धाग्याला वेगळा रंग देऊन किंवा अधोरेखित करून. एक धागा सलग बनतो आणि दुसरा ओकाझाकी तुकड्यांनी, हे खरे. पण क्रम लिहिण्याच्या प्रश्नात त्याने एकही अक्षर बदलत नाही, त्यामुळे विचारले नसेल तर त्यात शिरू नका.

### एम-आरएनए लिहिताना नेमका कोणता धागा घ्यायचा?

साचा म्हणून वापरला जाणारा, म्हणजे टेम्पलेट धागा. एम-आरएनए त्याला पूरक बनतो, फक्त T च्या जागी U येतो. आपला दिलेला धागा टेम्पलेट मानू:

```
टेम्पलेट  3′-GCTACAAACGTCTTGGAATTCG-5′
एम-आरएनए 5′-CGAUGUUUGCAGAACCUUAAGC-3′
```

हा एम-आरएनए आणि वर लिहिलेला पूरक डीएनए धागा ताडून पाहा. T आणि U सोडले तर दोन्ही अक्षरशः एकच आहेत. म्हणूनच त्या दुसऱ्या धाग्याला कोडिंग धागा म्हणतात. प्रश्नात ‘कोडिंग’ किंवा ‘सेन्स’ धागा दिला असेल तर जोड्या लावायच्याच नाहीत. T खोडून U करायचा, बस्स. ‘टेम्पलेट’, ‘नॉन-कोडिंग’ किंवा ‘अँटिसेन्स’ धागा दिला असेल तर जोड्या लावायच्या. ‘कोडिंग’ हे नाव ऐकून एम-आरएनए त्याच्यावरच बनतो असे वाटते, आणि नेमकी तिथेच बहुतेकांची गल्लत होते.

### टेम्पलेट दिला आहे, पण डावीकडे 5′ लिहिले आहे. मग?

आपलाच धागा उलट बाजूने लिहिला तर तो असा दिसेल:

```
टेम्पलेट  5′-GCTTAAGGTTCTGCAAACATCG-3′
एम-आरएनए 3′-CGAAUUCCAAGACGUUUGUAGC-5′
```

रेणू तोच आहे, फक्त लिहिताना डावे-उजवे बदलले. खाली लिहिलेला एम-आरएनएही बरोबर आहे, पण त्याचे 5′ टोक आता उजवीकडे आहे. रायबोझोम एम-आरएनए 5′ कडून 3′ कडे वाचतो, त्यामुळे ही ओळ उजवीकडून डावीकडे वाचावी लागेल. माझा सल्ला असा की तसे वाचत बसू नका. संपूर्ण ओळ उलटी करून पुन्हा लिहा:

```
5′-CGAUGUUUGCAGAACCUUAAGC-3′
```

मघाचाच एम-आरएनए मिळाला. न उलटवता डावीकडून तीन-तीन अक्षरे पाडली तर CGA AUU CCA AGA CGU UUG UAG असे गट, म्हणजे कोडॉन, पडतात आणि शेवटी UAG हा साखळी संपवणारा समाप्ती कोडॉनही येतो. शेवट जुळला म्हणून उत्तर बरोबर वाटते. पण साखळी जिथून सुरू होते तो AUG कोडॉन या ओळीत कुठेच नाही, आणि दिशा चुकल्याची खूण तीच.

### फोटोत कडा कापल्या गेल्या, टोकांचे आकडेच दिसत नाहीत. आता काय?

मूळ कागद पाहता येत असेल तर आधी तो पाहा. ते शक्य नसेल तर चार शक्यता उरतात: धागा टेम्पलेट आहे की कोडिंग, आणि डावे टोक 3′ आहे की 5′. या चारही शक्यतांचा एम-आरएनए 5′ कडून 3′ कडे लिहून पाहू:

```
टेम्पलेट, डावीकडे 3′  CGAUGUUUGCAGAACCUUAAGC
टेम्पलेट, डावीकडे 5′  CGAAUUCCAAGACGUUUGUAGC
कोडिंग, डावीकडे 5′   GCUACAAACGUCUUGGAAUUCG
कोडिंग, डावीकडे 3′   GCUUAAGGUUCUGCAAACAUCG
```

आता प्रत्येक ओळीत AUG शोधा. फक्त पहिल्या ओळीत सापडतो. तिथून तीन-तीन अक्षरे मोजत गेलात की त्याच चौकटीत, म्हणजे त्याच गटवारीत, UAA हा समाप्ती कोडॉन येतो. सुरुवात आणि शेवट दोन्ही जुळले, म्हणून फोटोतला धागा टेम्पलेट आहे आणि त्याचे डावे टोक 3′ आहे, असा निष्कर्ष काढता येतो.

चारही ओळी लिहायला वेळ नसेल तर दिलेल्या धाग्यातच चार तिकड्या शोधा. TAC दिसला तर टेम्पलेट आणि डावीकडे 3′. CAT दिसला तर टेम्पलेट आणि डावीकडे 5′. ATG दिसला तर कोडिंग आणि डावीकडे 5′. GTA दिसला तर कोडिंग आणि डावीकडे 3′. आपल्या धाग्यात तिसऱ्या अक्षरापासून TAC आहे, बाकी तिन्ही तिकड्या कुठेच नाहीत.

या युक्तीला मर्यादा आहे. एखादी ठरावीक तिकडी कुठल्याही जागी निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता ६४ पैकी १ असते. २२ अक्षरांच्या धाग्यात तिकडी बसू शकेल अशा २० जागा आहेत, त्यामुळे साधारण चारातून एकदा ती उगाचच सापडेल. धागा लांब असेल तर चारही तिकड्या सापडतील. म्हणून नुसत्या सुरुवातीवर भरवसा ठेवू नका, त्याच चौकटीत पुढे समाप्ती कोडॉन येतो का तेही पाहा. आणि उत्तरपत्रिकेत ‘डावे टोक 3′ आणि धागा टेम्पलेट मानला आहे’ असे एक वाक्य लिहा. गृहीत धरलेली गोष्ट लिहिलेली असली की तपासणाऱ्याला तुमचा तर्क दिसतो.

### तीन-तीन अक्षरांचे गट पहिल्या अक्षरापासून पाडायचे का?

प्रश्नात तसे स्पष्ट लिहिले नसेल तर नाही. आधी पहिला AUG शोधायचा आणि तिथून गट पाडायचे:

```
CG | AUG UUU GCA GAA CCU UAA | GC
```

सुरुवातीचे CG आणि शेवटचे GC अमिनो आम्लांत रूपांतरित होत नाहीत. खऱ्या एम-आरएनएतही सुरुवातीच्या कोडॉनच्या आधी आणि समाप्ती कोडॉनच्या नंतर असे न वाचले जाणारे भाग असतातच, बरेच लांबही असतात.

पहिल्याच अक्षरापासून गट पाडले असते तर CGA UGU UUG CAG AAC CUU AAG आणि शेवटी एक C शिल्लक, असे मिळाले असते. त्याची साखळी आर्जिनिन, सिस्टीन, ल्युसिन, ग्लुटामिन, अस्पॅराजिन, ल्युसिन, लायसिन अशी येते. दिसायला ही साखळी अगदी खरी वाटते, आणि धोका तिथेच आहे. तक्त्यात कुठल्याही तीन अक्षरांना काही ना काही उत्तर मिळतेच, त्यामुळे तक्ता तुमची चूक पकडून देत नाही. चूक ओळखायच्या खुणा तीन: साखळी मेथिओनिनने सुरू होत नाही, समाप्ती कोडॉन येत नाही आणि शेवटी सुटे अक्षर उरते.

आणखी एक सापळा छपाईचा. काही कागदांवर धागा वाचायला सोपा जावा म्हणून अक्षरे तीन-तीनच्या गटात छापलेली असतात, किंवा लांब धागा दोन ओळींत तोडलेला असतो. ती मोकळी जागा म्हणजे कोडॉनची सीमा नव्हे. सगळी अक्षरे सलग लिहून घ्या आणि गट स्वतः पाडा.

प्रश्नात AUG नसलेला छोटा तुकडा देऊन ‘पहिल्या न्यूक्लिओटाइडपासून वाचा’ असे म्हटले असेल, तर मात्र तसेच वाचायचे. तो जनुकाच्या मधला भाग आहे असे धरलेले असते. अशा वेळी साखळीच्या आधी स्वतःच्या मनाने मेथिओनिन जोडू नका.

### कोडॉनचा तक्ता कसा वाचायचा? आपल्या धाग्याची साखळी कोणती?

तक्ता एम-आरएनएच्या कोडॉनचा असतो. डीएनएच्या तिकड्या त्यात शोधायच्या नाहीत, अँटीकोडॉनही नाहीत. चौकोनी तक्त्यात बहुधा पहिले अक्षर डाव्या बाजूला, दुसरे वर आणि तिसरे उजव्या बाजूला असते. गोल तक्ता असेल तर मध्यातून सुरुवात करून बाहेर यायचे.

AUG म्हणजे मेथिओनिन. UUU म्हणजे फेनिलअलानिन. नीरेनबर्ग आणि मथाई यांनी १९६१ साली सर्वात आधी उलगडला तो हाच कोडॉन: त्यांनी नुसत्या U चा आरएनए वापरला आणि नुसत्या फेनिलअलानिनची साखळी मिळाली. GCA म्हणजे अलानिन, GAA म्हणजे ग्लुटामिक आम्ल, CCU म्हणजे प्रोलिन. UAA आला की साखळी संपली.

```
Met-Phe-Ala-Glu-Pro
```

कोडॉन सहा, पण अमिनो आम्ले पाच. समाप्ती कोडॉनसाठी अमिनो आम्ल नसते, त्यामुळे साखळीच्या शेवटी ‘स्टॉप’ हे सहावे अमिनो आम्ल असल्यासारखे जोडू नका. कंसात लिहिले तर चालते. पाच अमिनो आम्लांत पेप्टाइड बंध चार. हा आकडाही अनेकदा विचारतात.

### टी-आरएनएचे अँटीकोडॉन लिहायला सांगितले तर?

प्रत्येक कोडॉनला पूरक तीन अक्षरे, आरएनएचीच. AUG ला UAC, UUU ला AAA, GCA ला CGU, GAA ला CUU, CCU ला GGA. टेम्पलेट धाग्यात T च्या जागी U घातले की हेच मिळते, आणि तपासणीला ते उपयोगी पडते. UAA साठी अँटीकोडॉन लिहायचा नाही. त्याला टी-आरएनए जुळत नाही, तिथे मुक्तता घटक नावाची प्रथिने येतात आणि साखळी सोडवतात.

दिशेबाबत एक बारकावा. वरचे अँटीकोडॉन 3′ कडून 5′ कडे लिहिले आहेत. 5′ कडून लिहायला सांगितले तर AUG चा अँटीकोडॉन CAU होतो. दोन्ही बरोबर, पण टोके लिहिली तरच. प्रत्यक्ष पेशीत तिसऱ्या अक्षरापाशी जोडी थोडी सैल असते, त्यामुळे एकच टी-आरएनए एकाहून अधिक कोडॉन वाचू शकतो. प्रश्न सोडवताना मात्र काटेकोर जोडीच अपेक्षित असते.

### एक अक्षर धूसर आहे, C की G कळत नाही. काय करावे?

दोन्ही धागे फोटोत असतील तर समोरचे अक्षर पाहा, काम झाले. एकच धागा असेल तर ते अक्षर कोडॉनमध्ये कितवे आहे यावर सगळे अवलंबून आहे.

समजा आपल्या धाग्यातल्या CGT मधला शेवटचा T पुसट आहे. एम-आरएनएत GC आणि पुढे काहीतरी असे होते. GCU, GCC, GCA, GCG या चारही कोडॉनना अलानिनच मिळते, म्हणून साखळी निर्धास्तपणे लिहा. CTT मधले शेवटचे अक्षर पुसट असेल तर अर्धी खात्री मिळते. तिथे T किंवा C असेल तर कोडॉन GAA किंवा GAG होतो, म्हणजे ग्लुटामिक आम्ल. A किंवा G असेल तर GAU किंवा GAC, म्हणजे अस्पार्टिक आम्ल. पण AAA मधले पहिले अक्षर गेले तर चार वेगवेगळी उत्तरे संभवतात: फेनिलअलानिन, ल्युसिन, आयसोल्युसिन किंवा व्हॅलिन. तिथे अंदाज करण्यात अर्थ नाही, स्पष्ट फोटो मिळवायलाच हवा.

हाताने लिहिलेल्या धाग्यात C ला छोटी आडवी रेघ आहे का हे प्रकाशामुळे दिसेनासे होते आणि G चा C होतो. अशा वेळी त्याच हस्ताक्षरातले निःशंक दिसणारे G आणि C शोधून त्यांच्याशी ताडून पाहा. U आणि V मध्ये गोंधळ वाटला तर तो U च आहे, V नावाचा बेसच नाही. डीएनए म्हणून दिलेल्या धाग्यात U दिसला तर मात्र थांबा. एक तर तो आरएनए आहे, नाही तर वाचण्यात चूक आहे.

### अक्षर पुसट नाही, पण उतरवताना एक सुटले तर कितपत बिघडते?

चुकीचे अक्षर लिहिण्यापेक्षा खूप जास्त. आपल्या धाग्यातल्या CGT मधला C उतरवायचा राहिला असे धरू. एम-आरएनएतून GCA चा G गेला:

```
CG | AUG UUU CAG AAC CUU AAG C
```

पहिली दोन अमिनो आम्ले टिकली, पुढची सगळी बदलली: ग्लुटामिन, अस्पॅराजिन, ल्युसिन, लायसिन. UAA ही नाहीसा झाला. मघाशी पहिल्या अक्षरापासून गट पाडले होते त्यातला CAG AAC CUU AAG हा भाग इथे पुन्हा आला, हे लक्षात आले असेल. एक अक्षर गळल्यामुळे वाचन त्याच चुकीच्या चौकटीत घसरले.

म्हणून समाप्ती कोडॉन सापडला नाही तर तक्त्याशी झगडू नका. मागे जाऊन अक्षरे मोजा. २१ भरली तर कारण तिथेच आहे. AAA किंवा TT अशी एकसारखी अक्षरे लागून येतात तिथे आणि वहीच्या शिवणीजवळ, जिथे कागद वळतो, तिथे अक्षर गळण्याची शक्यता सर्वाधिक.

### पुढे उत्परिवर्तन विचारतात. बदल कोणत्या धाग्यात करायचा?

प्रश्नात ज्या धाग्याचा उल्लेख आहे त्यातच, आणि मग एम-आरएनए नव्याने लिहायचा. आपल्या टेम्पलेटमधली एकच तिकडी CTT घेऊ. तिच्यात एकाच अक्षराने तीन वेगळे परिणाम घडवता येतात.

शेवटच्या T चा C झाला तर कोडॉन GAG होतो. ग्लुटामिक आम्लच राहते, साखळीत काहीच दिसत नाही. मधल्या T चा A झाला तर कोडॉन GUA, म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. दात्रपेशी पंडुरोगात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत हीच अदलाबदल होते. तिथे GAG चा GUG होतो, म्हणजे टेम्पलेटमध्ये CTC चा CAC. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, व्हॅलिनवर नसतो, आणि त्या एका जागेमुळे ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात. तिसरी शक्यता: CTT मधल्या C चा A झाला तर कोडॉन UAA होतो आणि साखळी Met-Phe-Ala इथेच तुटते.

उत्तर लिहिताना ‘एक अमिनो आम्ल बदलले’ एवढ्यावर थांबू नका. आधीचा कोडॉन, नंतरचा कोडॉन आणि दोन्ही अमिनो आम्ले लिहा.

### फोटोत अक्षरेच नाहीत, शिडीची आकृती आहे. बेस कसे ओळखायचे?

पायऱ्यांतल्या तुटक रेघा मोजा. दोन रेघा असतील तर A आणि T ची जोडी, तीन असतील तर G आणि C ची. त्या रेघा म्हणजे हायड्रोजन बंध. जोडीतला कोण कोणता हे आकारावरून कळते: A आणि G दोन कड्यांचे, म्हणून मोठे दाखवतात. T आणि C एका कड्याचे, लहान. दोन रेघा आणि डावीकडे मोठा आकार, म्हणजे डावीकडे A. काही आकृत्यांत नुसते रंग असतात. तेव्हा सूचीशिवाय इलाज नाही, कारण रंगांचा सर्वमान्य नियम नाही.

दिशा साखरेच्या पंचकोनावरून ओळखता येते. सर्वसाधारण आकृतीत पंचकोनाचे ऑक्सिजन असलेले टोक त्या धाग्याच्या 5′ टोकाकडे वळलेले असते. एका बाजूचे पंचकोन सरळ आणि दुसऱ्या बाजूचे उलटे दिसतात ते यामुळेच.

हायड्रोजन बंधांची एकूण संख्या विचारली तर आपल्या रेणूत A-T जोड्या १२ आणि G-C जोड्या १०. म्हणजे २४ अधिक ३०, एकूण ५४.

### पेशीतही सगळे असेच घडते का?

अक्षरांच्या जोड्या आणि दिशा हो, अशाच. बाकी प्रश्न सोपा केलेला असतो. आपल्या पेशींत एम-आरएनए आधी लांब बनतो, मग त्यातले इंट्रॉन कापून काढले जातात आणि उरलेले भाग जोडले जातात. कागदावर काही भाग ‘इंट्रॉन’ म्हणून छायांकित असेल तर तो काढल्यानंतरच कोडॉन पाडायचे, कारण जोडाच्या जागी एखादा कोडॉन दोन तुकड्यांतून बनलेला असू शकतो. सुरुवातीचे मेथिओनिनही अनेक प्रथिनांतून नंतर कापले जाते. बीटा हिमोग्लोबिनमध्ये तसेच होते, म्हणून तिथला तो ग्लुटामिक आम्लाचा बदल सहाव्या जागी मोजतात, कोडॉन मात्र AUG धरून सातवा असतो.